dx निम्मा, dt निम्मा, आणि तरीही 6.8e+244

प्रश्न: एक मीटर लांब अ‍ॅल्युमिनियमच्या दांडीतला उष्णतेचा प्रवाह एक्स्प्लिसिट पद्धतीने सोडवतोय. डावं टोक कायम १०० अंशांवर, उजवं शून्यावर, सुरुवातीला बाकी सगळी दांडी शून्यावर. थर्मल डिफ्युझिव्हिटी `1e-4` m²/s धरली आहे. २० भाग आणि १० सेकंदांची स्टेप घेतली तेव्हा उत्तर छान आलं. जास्त अचूकता हवी म्हणून भाग ४० केले आणि स्टेपही निम्मी म्हणजे ५ सेकंद केली. आता एका तासानंतर दांडीच्या मध्यावर `6.8e+244` येतंय. दोन्ही बारीक केल्यावर उत्तर सुधारायला हवं ना? कोडमधली चूक सापडत नाही.

उत्तर:

कोडमध्ये चूक नाही, आणि तुमचा तो आकडाच त्याची साक्ष देतोय (कशी, ते पुढे सांगतो). स्टेप निम्मी करून भागणार नव्हतं, पावपट करायला हवी होती.

तुमचा कोड बहुतेक असा असणार:

```python
import numpy as np
N, alpha, dt = 40, 1e-4, 5.0
dx = 1.0 / N
r = alpha * dt / dx**2
u = np.zeros(N + 1)
u[0] = 100.0
for n in range(720):
    u[1:-1] = u[1:-1] + r*(u[2:] - 2*u[1:-1] + u[:-2])
```

लूपमध्ये बघा, `dt` आणि `dx` सुटे सुटे कुठेच नाहीत. आहे तो एकटा `r`. त्यात `dx` चा वर्ग आहे, म्हणून `dx` निम्मा केला की `r` चौपट होतो, आणि `dt` निम्मी करून तुम्ही त्यातला निम्माच भार उतरवला. आधी `r` ०.४ होता, आता ०.८ आहे. संगणकाच्या दृष्टीने तुम्ही गणित बारीक केलं नाही, दुप्पट धसमुसळं केलं.

आता ०.८ मध्ये वाईट काय, ते बघायला तीच ओळ जरा वेगळी मांडू:

```
नवा = r*डावा + (1 - 2r)*स्वतः + r*उजवा
```

म्हणजे प्रत्येक बिंदूचं नवं तापमान हे तीन जुन्या तापमानांचं मिश्रण आहे. `r` ०.४ असताना दोन्ही शेजाऱ्यांचा वाटा ०.४ आणि स्वतःचा ०.२. सरळसाधी सरासरी. सरासरी कधीच सगळ्यात मोठ्या आकड्याच्या वर किंवा सगळ्यात लहान आकड्याच्या खाली जात नाही, त्यामुळे दांडीत कुठेही १०० च्या वर किंवा शून्याच्या खाली काही येऊच शकत नाही. `r` ०.८ असताना शेजाऱ्यांचे वाटे ०.८ आणि स्वतःचा वाटा उणे ०.६. ही आता सरासरी राहिली नाही. बिंदू आत्ता जितका जास्त गरम, तितका तो पुढच्या स्टेपला थंड, असा उलटा हिशोब सुरू झाला.

हे वाचून सोडू नका, कागदावर चार स्टेप करून बघा. डावं टोक आणि त्याच्या लगतचे चार बिंदू, `r` ०.८:

```
n=0   100    0       0       0      0
n=1   100   80       0       0      0
n=2   100   32      64       0      0
n=3   100  112     -12.8    51.2    0
n=4   100    2.56  138.24  -40.96  40.96
```

पहिल्या दोन ओळी बघून कुणाला शंकाही येणार नाही. `n=2` च्या ओळीत आतला बिंदू बाहेरच्यापेक्षा गरम झालाय, हे बारकाईने बघणाऱ्यालाच खटकेल. `n=3` च्या ओळीत मात्र उघड गडबड आहे: ज्या दांडीत १०० पेक्षा गरम काहीच नाही तिथे ११२ आलं, आणि शून्यापेक्षा थंड काहीच नाही तिथे उणे १२.८. तुमच्या आधीच्या `r` ला, म्हणजे ०.४ ला, पहिल्या बिंदूची चाल ४०, ४८, ५६ अशी शहाण्यासारखी जाते.

मर्यादा नेमकी अर्ध्यावर का, हे सूत्राशिवायही कळतं. ओळ अशी वाचा: बिंदूपासून त्याच्या दोन शेजाऱ्यांच्या सरासरीपर्यंत जेवढं अंतर, त्याच्या `2r` पट उडी मार. `r` ०.५ असला तर बिंदू बरोब्बर सरासरीवर जाऊन बसतो. त्याहून मोठा असला तर सरासरी ओलांडून पलीकडे जातो. एकट्याने ओलांडली असती तर पुढच्या स्टेपला परत आला असता, पण शेजारीही उलट्या दिशेने तेच करत असतात. सगळ्यात वाईट परिस्थिती करवतीच्या दातांसारखी: +१, −१, +१, −१. इथे +१ च्या दोन्ही शेजाऱ्यांची सरासरी −१, अंतर २, उडी `4r`, आणि बिंदू पोचतो `1 - 4r` वर. तो −१ च्या पलीकडे जायला नको असेल तर `4r` दोनच्या आत हवा, म्हणजे `r` अर्ध्याच्या आत. यापेक्षा लांब लहरींना ही मर्यादा सैल असते, पण करवत एकटी पुरेशी आहे. व्हॉन नॉयमन विश्लेषण म्हणून पुस्तकात जे येतं ते हेच, फक्त प्रत्येक लहरीसाठी वेगवेगळं केलेलं:

```
G = 1 - 4*r*sin^2(k*dx/2)
```

`G` म्हणजे ती लहर एका स्टेपमध्ये किती पट होते तो आकडा, आणि `k` म्हणजे तिचा लहर-अंक, लहर जितकी आखूड तितका मोठा. `r` ०.८ ला करवतीचा `G` −२.२ येतो. दर पाच सेकंदांनी सव्वादोन पट आणि चिन्ह उलटं.

आता तुमचा `6.8e+244`. दोन्ही टोकं बांधलेली असल्यामुळे ४० भागांच्या ग्रिडवर पूर्ण करवत बसत नाही. टोकांना शून्य होणारी आणि मध्ये फुगणारी करवत बसते, एकोणचाळिसावी लहर. तिच्यासाठी वरच्या सूत्रातला साइनचा वर्ग १ नसून ०.९९८४६ आहे, म्हणून `G` −२.१९५. तुमच्या सुरुवातीच्या स्थितीत, म्हणजे टोकाशी १०० वरून एकदम शून्यावर पडणाऱ्या त्या कड्यात, या लहरीचा अंश जेमतेम ०.०९८ अंश आहे. अंशाचा दहावा हिस्सासुद्धा नाही. एका तासाच्या ७२० स्टेप:

```
0.098 * 2.195^720  ≈  6.8e+244
```

(२.१९५ चे पुढचे दशांशही घ्या, नाहीतर ७२० वा घात शेवटचे अंक खाऊन टाकतो. पूर्ण `G` −२.१९५०६८ आहे.) तुमच्या कोडने समीकरण इमानेइतबारे सोडवलंय. सूत्रात किंवा इंडेक्समध्ये चूक असती तर हा आकडा हाताने काढलेल्याशी जुळला नसता. सगळ्यात मोठा आकडा मध्यावर का, याचंही उत्तर इथेच मिळतं. गडबड सुरू झाली गरम टोकापाशी, पण शेवटी जिंकली ती लहर, जिचा फुगवटा मध्यावर आहे. असाच चालू ठेवला असता तर सुमारे ९०० स्टेपनंतर `inf` आणि लगेच `nan` आलं असतं.

यातून एक चाचणी मिळते, जी मी अजूनही पहिल्यांदा करतो. लागोपाठच्या स्टेपमधल्या सगळ्यात मोठ्या आकड्यांचं गुणोत्तर छापायचं. ते `4r - 1` च्या जवळ जाऊन स्थिरावलं आणि शेजारशेजारच्या बिंदूंची चिन्हं आलटूनपालटून येत असली, तर दोष फक्त स्टेपचा. गुणोत्तर भलतंच असलं, किंवा आकडे फुगताना चिन्ह बदलत नसलं, तर मात्र कोडमध्ये शोधा: बहुतेक वेळा उणे-अधिकची अदलाबदल किंवा टोकाची ओळ चुकलेली असते.

एक गैरसमज इथेच काढून टाकतो, कारण मीही त्यात एक आठवडा घालवलाय. आकडे असे उधळले की संशय पहिल्यांदा राउंडऑफवर जातो आणि माणूस जास्त अंकांचं प्रिसिजन वापरायला लागतो. तुमच्या बाबतीत राउंडऑफचा काहीच संबंध नाही. करवतीचं बी सुरुवातीच्या कड्यातच होतं. अनंत अंक घेऊन केलं तरी तेच `6.8e+244` येईल. राउंडऑफ कामाला येतो तेव्हा, जेव्हा सुरुवात अगदी गुळगुळीत असते, समजा एकच साइनची लहर. तेव्हा करवतीचा अंश शून्य असतो आणि बी पेरतो तो राउंडऑफ, सोळाव्या अंकावर. मग ०.८ ला साधारण चाळीस स्टेप उत्तर अगदी बरोबर दिसतं आणि त्यानंतर कोसळतं.

माझा आठवडा गेला तो याच्या सौम्य अवतारात. मर्यादा काढली होती, पण ती गोल करताना वरच्या बाजूला गोल केली. तुमच्या आकड्यांत सांगायचं तर ३.१२५ सेकंद ही मर्यादा आहे आणि मी ३.२ घेतली असती तसं. `r` ०.५१२, करवत दर स्टेपला फक्त साडेचार टक्क्यांनी वाढणार. सुरुवात गुळगुळीत असली तर ती दिसण्याइतकी मोठी व्हायला सात-आठशे स्टेप लागतात. माझी चाचणी २०० स्टेपची होती, ती दर वेळी पास. रात्री लांब रन लावायचो, सकाळी कचरा. मी डेटा फाइल तपासली, मटेरियलचे गुणधर्म तपासले, सहकाऱ्याच्या मशिनवर चालवून बघितलं. गुणोत्तर छापण्याची अक्कल शेवटी सुचली.

आता यामागचा खरा प्रश्न, जो तुम्ही विचारला नाहीत पण डोक्यात असणार: दांडी तर निवांत तापतेय, तिला तास लागतो, मग ५ सेकंद मोठे कसे? दांडी खरंच निवांत आहे. तिच्यातल्या सगळ्यात लांब लहरीचा काळ `L²/(π²·alpha)`, म्हणजे सुमारे १००० सेकंद. पण ग्रिडवर सगळ्यात आखूड लहरही बसलेली आहे, आणि २.५ सेंटिमीटरच्या अंतरावर उष्णता झटकन इकडची तिकडे होते. तुमच्या ग्रिडवर करवतीचा स्वतःचा काळ `dx²/(4·alpha)`, म्हणजे १.५६ सेकंद. एक्स्प्लिसिट स्टेपला याच्या दुपटीपेक्षा जास्त मुभा नाही, म्हणून ३.१२५. त्या लहरीत तुम्हाला काडीचा रस नाही, खऱ्या दांडीत ती सुरुवातीच्या काही सेकंदांतच विरून जाते, पण स्टेपची लांबी तीच ठरवते. गंमत अशी की ग्रिड बारीक केल्यावर दांडीत काहीच बदलत नाही, फक्त तुम्ही आणखी आखूड आणि आणखी उतावळ्या लहरींना जागा करून देता.

तर मग `dt` किती घ्यायची? सवय अशी लावा की `dt` हाताने लिहायचीच नाही, `r` ठरवायचा आणि त्यावरून `dt` काढायची. अगदी ०.५ घेऊ नका. फुटत नाही, पण करवतीचा `G` −१ च्या इतका जवळ असतो की ती विरायला फार वेळ घेते, आणि पहिल्या बिंदूची चाल ५०, ५०, ६२.५, ६२.५ अशी जिन्यासारखी येते. स्वतःचा वाटा शून्य असल्यामुळे बिंदू स्वतःच्या जुन्या तापमानाकडे बघतच नाही, फक्त शेजाऱ्यांकडे बघतो. ०.४ ठीक आहे, तुमच्या ग्रिडला २.५ सेकंद. पाव किंवा त्याखाली गेलात तर कुठल्याच लहरीचं चिन्ह उलटत नाही.

आणि एक खास आकडा आहे, एक षष्ठांश. तिथे वेळेच्या बाजूची आणि अंतराच्या बाजूची मुख्य चूक एकमेकांना खाऊन टाकतात. आतल्या बिंदूंवर चूक मग `dx` च्या वर्गाऐवजी चौथ्या घाताने कमी होते, अर्थात उत्तर गुळगुळीत असेल तिथे. तुमच्या ग्रिडला हे १.०४१७ सेकंद पडतं, आणि योगायोगाने तासात बरोबर ३४५६ स्टेप बसतात. अचूकतेसाठीच भाग ४० केले होतेत ना? मग २० भाग ठेवून एक षष्ठांश करून बघा. तिथे स्टेप ४.१७ सेकंदांची होते, ८६४ स्टेपमध्ये काम संपतं, आणि उत्तर ४० भाग आणि ०.४ च्या तोडीचं किंवा सरस निघण्याची बरीच शक्यता आहे. मी तरी आधी हेच करेन.

ही मर्यादा टोकं ठराविक तापमानाला बांधलेली असताना आहे. टोक इन्सुलेट केलं तरी तीच राहते. पण टोकावरून पाण्यात किंवा हवेत उष्णता जात असेल तर टोकाच्या अर्ध्या भागाचा हिशोब वेगळा होतो आणि त्याचा स्वतःचा वाटा `1 - 2r(1 + Bi)` बनतो, जिथे `Bi = h·dx/k`, `h` म्हणजे टोकावरून पाण्यात किंवा हवेत उष्णता किती सहज जाते तो गुणांक, आणि `k` ही इथे धातूची उष्णतावाहकता, वरचा लहर-अंक नव्हे. संथ हवेत `Bi` इतका छोटा असतो की विसरून जा. जोरात वाहणाऱ्या पाण्यात `h` ५००० आणि `k` २०० धरला तर `Bi` ०.६२५, आणि वाटा धन राहण्याची मर्यादा ३.१२५ वरून १.९२ सेकंदांवर येते. ती ओलांडल्याबरोबर गणित फुटत नाही, हे लक्षात ठेवा. आधी फक्त ते एक टोक वरखाली थरथरायला लागतं. खरोखर फुटतं ते २.८७ च्या आसपास. म्हणजे ३ सेकंदांची स्टेप दांडीच्या आत चालण्यासारखी असूनही त्या एका टोकामुळे सगळं जाईल. थरथर टोकापाशीच दिसत असेल आणि आत सगळं शांत असेल, तर संशय इथे घ्या. दांडी दोन धातूंची जोडलेली असेल किंवा ग्रिड कुठे दाट कुठे विरळ असेल, तरी न्याय हाच: `dx²/alpha` जिथे सगळ्यात छोटा, तो कोपरा सगळ्या दांडीची स्टेप ठरवतो.

शेवटी खर्चाचं बघू. `dx` निम्मा केला की बिंदू दुप्पट आणि स्टेप चौपट, काम आठपट. एक मिलिमीटरच्या ग्रिडला मर्यादा ०.००५ सेकंद, तासाला ७,२०,००० स्टेप, गुणिले हजार बिंदू. एका दांडीसाठी आजच्या मशिनवर हे सहज होतं, म्हणून एक्स्प्लिसिट टाकाऊ समजू नका. दहावा मिलिमीटर केलात तर काम हजारपट, आणि तिथे मी इम्प्लिसिटवर जातो. दर स्टेपला त्रिकर्णी समीकरणसंच सोडवावा लागतो, पण एका मितीत तो इतका स्वस्त आहे की तक्रार करायला जागा नाही.

फक्त क्रँक-निकोल्सन ही १९४७ ची पद्धत घेऊन थेट ६० सेकंदांची स्टेप टाकू नका. ‘कुठल्याही स्टेपला स्थिर’ हे तिचं वर्णन खरं आहे, पण तुमच्या ४० भागांच्या ग्रिडवर त्या स्टेपला `r` ९.६ होतो आणि करवतीचा `G` येतो −०.९०. वाढत नाही, पण जातही नाही. दहा स्टेपनंतरही तिचा तिसरा हिस्सा शिल्लक असतो, आणि तुमच्यासारख्या १०० वरून शून्यावर पडणाऱ्या कड्याशेजारी दहा मिनिटं आकडे वरखाली नाचताना दिसतात. पहिल्या दोन स्टेप बॅकवर्ड ऑयलरने करा. तिथे करवतीचा `G` ०.०२५ आहे, दोन स्टेपमध्ये ती हजारात एकाहूनही कमी उरते. तिसऱ्या स्टेपपासून क्रँक-निकोल्सन बिनधास्त चालवा.